हिजडा, हिजरत आणि एक उपद्व्यापी 'डा'

प्रश्न : 'मी हिजडा, मी लक्ष्मी' असं पुस्तकाचं नाव चालतं, मुलाखतीत लक्ष्मी त्रिपाठी स्वतः हा शब्द ठणकावून वापरतात, आणि मी साध्या बोलण्यात वापरला तर घरचे डोळे वटारतात. हा दुटप्पीपणा नाही का? आणि हा शब्द अरबी 'हिजरत'वरून आला, हे खरं का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं, कारण ते ऐकून माझे कान किटले आहेत. नाही, खरं नाही.

ही व्युत्पत्ती सांगणारे म्हणतात, हिजर म्हणजे सोडून जाणं, आपल्या टोळीपासून तुटणं. ज्यांनी घरदार सोडलं ते हिजडे. गोष्ट मोठी रम्य आहे आणि इंग्रजी पुस्तकांतून ती बिनदिक्कत छापली जाते. पण अरबीतला 'र' आपल्याकडे येताना 'ड' होत नाही. हिजरी सन हिजरीच राहिला, तो 'हिजडी' झाला नाही. मुजऱ्याचा 'मुजडा' झाला नाही, नजरेची 'नजड' झाली नाही. मग एवढ्या एकाच शब्दाच्या 'र'ला काय धाड भरली होती? माझा संशय असा की या व्युत्पत्तीला बळ दिलं ते इंग्रजी स्पेलिंगनं. रोमन लिपीत 'ड'च्या जागी 'र'चं अक्षर पडलं, ते वाचून लोकांना हिजर आठवलं, आणि आता तर आमचे भाषांतरकार त्या स्पेलिंगवरून उलटं मराठीत 'हिजरा' लिहू लागले आहेत. घरचा शब्द परदेशी जाऊन आला आणि ओळखू येईनासा झाला. तो 'हिजरा' तेवढा कृपा करून बंद करा.

खरा धागा फारसीत आहे. तिथे 'हीज़' म्हणजे बायकी वळणाचा पुरुष. फारसीच्या 'ज़'चा आपल्याकडे सरळ 'ज' होतो, बाज़ारचा बाजार झाला तसा. शब्द लांबला की आधीचा दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो, हेही आपल्या सवयीचं आहे : जीव, पण जिवलग, भीक, पण भिकारी. उरला शेवटचा 'डा', आणि खरी मौज तिथेच आहे.

हा 'डा' अस्सल आपला, अपभ्रंश भाषेतून आलेला. बाराव्या शतकात वैयाकरण हेमचंद्रानं त्याची नोंद केली आणि तो 'स्वार्थे' लागतो असं सांगितलं. म्हणजे हा प्रत्यय लागल्यानं मूळ अर्थ बदलत नाही. कातडे, आतडे यांत तो असा निमूट बसलेला दिसतो. हेमचंद्रापुढे मी कोण, पण बोलणाऱ्याच्या तोंडात हा 'डा' इतका साधा राहत नाही. हिंदीत मुखड़ा म्हटलं की लाड आहेत. आपल्याकडे 'बापडा' म्हटलं की कीव आहे, कधी माया, कधी सरळ तुच्छता, आणि ती कुठली हे कोण कोणाला म्हणतंय यावरून ठरतं. आजी नातवाला 'बापडा' म्हणते ते वेगळं आणि साहेब शिपायाला म्हणतो ते वेगळं. हिजडा या शब्दाला हा असा दुतोंडी प्रत्यय जन्मापासून चिकटलेला आहे. म्हणून 'शब्द तोच, मग मला का नको' हा युक्तिवाद मला लंगडा वाटतो. शब्द कोणाच्या तोंडी आहे याचा हिशेब मराठी पहिल्यापासून ठेवत आली आहे.

आता तुमचा दुटप्पीपणा. 'समाजानं शिवी उचलली आणि झेंडा केला' असं सरसकट म्हणतात, ते इथे अर्धंच खरं आहे. हिजडा म्हणजे केवळ शरीराचं किंवा मनाचं वर्णन नव्हे. ते सभासदत्व आहे. गुरू लागतो, गुरूचं घराणं लागतं, रीत करून चेला व्हावं लागतं. त्या घरांच्या आत हा शब्द शिवी म्हणून मेला नव्हता आणि मानाचा म्हणून नव्यानं जन्मलाही नाही. तो रोजच्या वापरात होता. शिवी तो घराबाहेर होता. तिथे त्याचा अर्थ होता भेकड, नामर्द, कुचकामी. 2012 मध्ये त्या मराठी पुस्तकाच्या नावानं घरातला अर्थ चौकात आणून ठेवला, तोही पहिल्या पुरुषात. 'मी हिजडा' म्हणून जो मोकळा झाला, त्याला समोरचा आणखी काय म्हणणार?

पण यानं बाहेरचा अर्थ मेला का? कालपरवाच्या कुठल्याही प्रचारसभेचं भाषण काढा. विरोधी पक्षाला 'हिजड्यांचं सरकार' म्हणणारा वक्ता सापडेल आणि खालून टाळ्याही पडतील. त्याच्या मनात हिजडा समाज नसतोच, फक्त नामर्दपणा असतो. जोवर ही शिवी चलनात आहे, तोवर तुम्ही तो शब्द कितीही निर्मळ मनानं उच्चारलात तरी ऐकणारीला तुमचं मन दिसत नाही. तिला फक्त शब्द ऐकू येतो, आणि तो तिनं बाहेरच्या माणसाकडून आजवर कशा सुरात ऐकला ते तिला ठाऊक असतं. त्यांनी आपापसांत म्हटलं तर हा संशयच उरत नाही.

शिवाय मराठीत बाहेरचा माणूस व्याकरणातच पकडला जातो. घराण्यातली म्हणते, 'मी हिजडा आहे, मी बोलतेय.' नाम पुल्लिंगी, क्रियापद स्त्रीलिंगी, आणि तिला त्यात काही अडत नाही. बाहेरचा म्हणतो 'तो हिजडा आला', किंवा त्याहून वाईट, 'ते हिजडं आलं'. येडं, पोरगं यांच्या पंगतीला माणूस बसवायचा झाला की आपण नपुंसकलिंग काढतो, आणि इथे तर ते लिंगाचं नाव धरूनच टोचतं.

कायद्यातही ही दोन्ही तोंडं शेजारी बसली आहेत. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या 2019 च्या कायद्यानं व्याख्येत किन्नर, अरवाणी, जोगता यांच्याबरोबर हिजडा हा शब्द उघड लिहिला, आणि त्याच कायद्याच्या कलम 18 नं शाब्दिक छळाला सहा महिने ते दोन वर्षं कैद ठेवली. ओळख म्हणून शब्द ग्राह्य, अंगावर फेकला तर गुन्हा.

आणखी एक चूक सर्रास होते. ट्रान्स असलेली प्रत्येक व्यक्ती हिजडा नव्हे. बँकेत नोकरी करणारी, कुठल्याही गुरूची चेली नसलेली ट्रान्स स्त्री हिजडा नाही, आणि तिला तसं म्हटलं तर तो अपमान आहेच, शिवाय माहितीही चुकीची. शब्दाबद्दल बोलायला, जसा मी आत्ता बोलतोय, कोणाची हरकत नाही. एखादी स्वतःची ओळख तशी करून देत असेल तर तिच्या शब्दांत ती जरूर छापा. एरवी 'तृतीयपंथी' लिहा.

'किन्नर' लिहू नका का, असं कोणीतरी विचारणारच. 2015 मध्ये तृतीयपंथी साधूंचा किन्नर आखाडा स्थापन झाल्यापासून तो शब्द भारदस्त झाला आहे, आणि वर्तमानपत्रांना तो सोवळा वाटतो. पण संस्कृत पंडित त्याची फोड 'किं नरः', म्हणजे 'हा कसला माणूस?' अशी करत आले आहेत. शिवी टाळायला धावलात आणि प्रश्नार्थक शिवीत शिरलात! शिवाय हिमाचलातल्या किन्नौरच्या लोकांची वेगळीच तक्रार आहे : किन्नर हे आमच्या जमातीचं नाव, ते तुम्ही कोणाला वाटून टाकलंत?