मॉड्युलो ९१ चे तुकडे आणि पेपरातले चार गुण

प्रश्न: चायनीज रिमेंडर थिअरमने दिलेल्या शेषांवरून x काढता येतो एवढं पुरेसं नाही का? त्याला रिंग आयसोमॉर्फिझम का म्हणायचं, आणि परीक्षेत कुठल्या रूपात लिहायचं?

नाही, पुरेसं नाही. याच मुद्द्यावर माझे चार गुण गेले होते, म्हणून सविस्तर लिहितो.

एम. एस्सी. च्या पहिल्या वर्षाला मी नाशिकलाच होतो. पंचवटीतून सिटी बसने गंगापूर रोडला कॉलेजात जायचो. अंतर्गत परीक्षेत सहा गुणांचा प्रश्न आला: मॉड्युलो ९१ मध्ये x² = १ सोडवा. मी लिहिलं की ९१ = ७ × १३, म्हणून प्रत्येक संख्येऐवजी तिच्या दोन शेषांची जोडी धरू, पहिला ७ ने भागून आलेला, दुसरा १३ ने. ७ आणि १३ मूळ संख्या आहेत, तेव्हा प्रत्येक घरात १ ची वर्गमुळं दोनच, +१ आणि −१. जोड्या चार, म्हणून उत्तरं चार: १, ९०, ६४ आणि २७.

पेपर परत आला तेव्हा ६४ आणि २७ वर लाल काट होती. शेजारी शेरा: "वर्गसमीकरणाला दोनच मुळं." मी स्टाफरूममध्ये गेलो आणि तिथेच पाठकोऱ्या कागदावर करून दाखवलं: ६४² = ४०९६ = ९१ × ४५ + १. सर म्हणाले, "आकडा जुळला असेल, पण रीत चुकीची आहे. थिअरम x काढायला असतो, आयसोमॉर्फिझम ही नुसती सजावट." गुण मिळाले नाहीत.

दोनच मुळं हा नियम फील्डमध्ये चालतो, कारण तिथे गुणाकार शून्य आला की एक घटक शून्य असतोच. मॉड्युलो ९१ मध्ये ६३ × ६५ शून्य होतं, आणि दोघांपैकी एकही शून्य नाही. (x − १)(x + १) मध्ये x = ६४ ठेवा, हेच दोन घटक मिळतात. ६३ मध्ये ७ दडलाय, ६५ मध्ये १३. म्हणजे १ चं असं "जादा" वर्गमूळ हाती लागलं, की ६३ आणि ९१ चा मसावि काढून ९१ चा अवयवच सापडतो.

आता रीत बरोबर का, ते. एका x ला एकच जोडी एवढंच म्हटलं तर ती फक्त मोजदाद झाली. ती जोडी गुणाकारही जपते, दोन्ही घरांत स्वतंत्रपणे, म्हणूनच समीकरण तोडून सोडवता येतं. आयसोमॉर्फिझम या शब्दाने हीच हमी दिली आहे. परत जोडायला दोन संख्या लागतात: ७८ चे शेष (१, ०) आणि १४ चे (०, १). त्यांची बेरीज ९२, म्हणजे १. गुणाकार १०९२ = ९१ × १२, म्हणजे ०. दोघांचाही वर्ग केला तर तीच संख्या परत येते, म्हणून त्यांना आयडेम्पोटेंट म्हणतात. (१, −१) हवी असेल तर ७८ − १४ = ६४. त्या पेपरात ६४ असा आला होता.

आणि सजावट म्हणाल तर सुन्झीच्या जुन्या चिनी ग्रंथातलाच हिशेब बघा: ३, ५, ७ ने भागून शेष २, ३, २ उरतात, संख्या कोणती? त्याची रीत शेषांना अनुक्रमे ७०, २१, १५ ने गुणायची. १४० + ६३ + ३० = २३३, त्यातून २१० वजा, उत्तर २३. ७०, २१ आणि १५ हे मॉड्युलो १०५ मधले आयडेम्पोटेंटच आहेत. ७० चे शेष तपासा: (१, ०, ०). x काढायची रीत आणि आयसोमॉर्फिझम वेगळे नाहीतच. सरांना तेव्हा हे सांगता आलं नाही.

परीक्षेत आधी फंक्शन लिहा, ते बेरीज आणि गुणाकार जपतं हे एका ओळीत दाखवा, मग आयडेम्पोटेंट काढून x द्या. तपासणारा कुठल्याही मताचा असला तरी गुण कापायला जागा उरत नाही.

एक राहिलं. भाजक परस्पर सहमूळ हवेत. मॉड्युलो ८ मध्येही x² = १ ची चार उत्तरं आहेत, १, ३, ५, ७. पण ती तोडण्यातून आलेली नाहीत. ८ चे सहमूळ तुकडे पडत नाहीत, तिथे आयडेम्पोटेंट फक्त ० आणि १. तेव्हा दोनपेक्षा जास्त मुळं दिसली म्हणून रिंग तुटते असं लिहू नका, आयडेम्पोटेंट शोधून बघा. शिवाय मॉड्युलो n मध्ये काम करताना n चे अवयव माहीत नसतील तर आयसोमॉर्फिझम असूनही त्या जोड्या तुम्हाला लिहिता येणार नाहीत.