भावाच्या फायलीतला शब्द

ताई, माझा धाकटा भाऊ ४१ वर्षांचा आहे. जन्मापासून डाऊन सिंड्रोम. आईवडील गेल्यावर तो आमच्याकडेच असतो. त्याच्या दिव्यांग दाखल्यासाठी जुनी फाईल काढली, तर १९८४ च्या कागदावर डॉक्टरांनी ‘मंगोलॉइड चाइल्ड’ असं लिहिलेलं. माझी सून ऐझॉलची, मिझो. कागद लावायला तीच बसली होती. तो शब्द वाचून गप्प झाली, मग एवढंच म्हणाली, “आई, पुण्यात कॉलेजला असताना मला हाच शब्द ऐकवायचे.” आमचे हे म्हणतात, शास्त्रीय शब्द आहे, भूगोलाच्या पुस्तकात होता, त्यात वाईट वाटण्यासारखं काय? वर नणंदबाई बोलून गेल्या, “आता येणारं बाळ तसलं निघू नये म्हणजे मिळवलं.” सुनेला तिसरा महिना लागलाय. कागद फाडून टाकू का? आणि तिला काय सांगू?
— एक सासू, नाशिक

कागद फाडू नका. दाखल्यासाठी डॉक्टर भावाला आज तपासून ठरवतील, पण लहानपणापासूनची नोंद म्हणून तो फायलीत असू दे. एक कबुलीही आधीच देऊन टाकते. ऐंशीच्या दशकात मी मुलांच्या वॉर्डात काम करत होते आणि राउंडला आम्ही सगळेच ‘मंगोल बेबी’ म्हणायचो, बाळाच्या आईसमोर म्हणायचो. केसपेपरवर मीही तो शब्द लिहिला आहे. बाहेरच्या जगात तो शब्द मोडीत निघून वीस वर्षं होत आली होती. आमची पुस्तकं जुनी होती आणि सवय त्याहून जुनी.

तुमच्या यजमानांना सांगा, शब्द पुस्तकात होता हे अगदी खरं. तो तिथं आला कसा ते बघा. जर्मनीतल्या गॉटिंगेनमध्ये ब्लूमेनबाख नावाचे प्राध्यापक कवट्या जमवायचे. १७९५ मध्ये त्यांनी सगळ्या माणसांचे पाच प्रकार पाडले: कॉकेशियन, मंगोलियन, इथिओपियन, अमेरिकन आणि मलाय. पुढं ‘मंगोल’ला ‘ऑइड’ हे शेपूट लागलं. त्याचा अर्थ ‘सारखा’. म्हणजे मंगोलासारखा दिसणारा. मिझो, जपानी, तिबेटी, सगळे एका पोत्यात, कारण मोजमाप घेणाऱ्याला ते लांबून सारखे दिसले. आपल्याकडं १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ली यांनी लोकांच्या नाकांची लांबी-रुंदी मोजून असेच वंश ठरवले. ईशान्येकडच्यांना ‘मंगोलॉइड’ म्हटलं, आणि आपल्याकडच्या मराठा ब्राह्मणांना नि कुणब्यांना ‘सिथो-द्रविडियन’. आता यजमानांना रोज सकाळी कुणी ‘काय हो सिथो-द्रविडियन’ म्हणून हाक मारली तर? त्यांना हसू येईल, कारण त्या शब्दानं त्यांना कधी कुणी घर भाड्यानं नाकारलेलं नाही.

शास्त्र म्हणूनही ही वाटणी टिकली नाही. माणसामाणसांतला आनुवंशिक फरक मोजायची सोय झाली तेव्हा दिसलं, की त्यातला बहुतेक भाग कुठल्याही एका समाजाच्या आतच असतो. १९७२ मध्ये आनुवंशशास्त्रज्ञ लेवाँटिन यांनी काढलेला आकडा सुमारे ८५ टक्क्यांचा होता. दोन ‘वंशां’मधला म्हणून जो उरतो तो अगदी थोडा.

पण तुमच्या घरात हा शब्द दोन दिशांनी येऊन एकाच कागदावर भेटला आहे, म्हणून दुसरी दिशा जरा सविस्तर सांगते. लंडनजवळ अर्ल्सवूड इथं बौद्धिक अक्षमता असलेल्यांचं मोठं निवासस्थान होतं. तिथले वैद्यकीय प्रमुख जॉन लँग्डन डाऊन. त्या निवासातल्या मुलांपैकी काही सख्खी भावंडं शोभावीत इतकी एकसारखी दिसतात, हे त्यांनी टिपलं. चेहरा पसरट, डोळे तिरके, नाक बसकं. निरीक्षण अचूक होतं. चुकलं ते पुढं. १८६६ मध्ये त्यांनी निबंध लिहिला आणि मतिमंदांची विभागणी थेट ब्लूमेनबाखच्या वंशांवर बसवली: काही इथिओपियन, काही मलाय, काही अमेरिकन आणि बरेचसे ‘मंगोल’. ही मुलं युरोपियन आईबापांची, पण आईबापांच्या क्षयरोगामुळं त्यांची घसरण होऊन ती ‘खालच्या’ वंशाच्या पायरीवर आली, असा त्यांचा तर्क. म्हणजे गोऱ्या घरातलं मूल मागं पडलं की ते मंगोल होतं. या एका वाक्यात दोघांचा अपमान आहे, त्या मुलाचा आणि मंगोल माणसाचाही.

डाऊन यांच्या बाजूनं एक सांगायला हवं. गुलामगिरीचे समर्थक तेव्हा म्हणत, की वंश म्हणजे माणसाच्या वेगवेगळ्या प्रजातीच आहेत. डाऊन यांनी याच निबंधाच्या शेवटी उलट म्हटलं, की आजार जर वंशाची भिंत ओलांडू शकतो तर ती भिंत पक्की नाही, माणूस एकच आहे. हेतू इतका उदार, आणि मागं राहिलं ते ‘मंगोलिझम’ हे नाव.

नावानं पुढं आपलं काम केलं. क्रुकशँक नावाच्या ब्रिटिश डॉक्टरनं १९२४ मध्ये पुस्तकच लिहिलं, की अशा मुलांच्या घराण्यात कुठंतरी मंगोल रक्त आहे आणि त्याहून मागं ओरांगउटान आहे. ही मुलं मांडी घालून बसतात हासुद्धा त्याला पुरावा वाटला. स्नायू सैल असले की पाय सहज दुमडतात, एवढं साधं कारण. अशानं आईवर संशय, घराण्यावर संशय.

आणि आमच्या वॉर्डात जे झालं ते यापेक्षा साधं, पण मला जास्त सलतं. चेहरा पाहून शब्द लिहिला की तपासणी तिथंच संपायची. दूध पिताना बाळ दमतंय, ओठ निळसर दिसतात. उत्तर तयार: मंगोल आहे, अशी मुलं अशीच असतात. डाऊन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, तो बहुतेकदा दुरुस्त होतो, आणि आम्ही स्टेथोस्कोप लावण्याआधीच निदान करून मोकळे. तुमच्या भावाचंही हे बघा. वर्षातून एकदा थायरॉइड आणि ऐकू येणं तपासून घेता का? चाळिशीनंतर तो विसरायला लागला किंवा सुस्त झाला तर ‘त्याचं असंच’ म्हणू नका. या लोकांना विस्मरणाचा आजार लवकर गाठतो हे खरं, पण आधी थायरॉइड बघायचा, कारण त्याला साधी गोळी आहे.

मुलांच्या चेहऱ्याचं आणि मंगोलियाचं काही नातं नाही हे डाऊन यांच्या मुलानंच, रेजिनाल्ड यांनी, १९०६ मध्ये म्हटलं होतं. तेही डॉक्टर. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्याच घरी असं मूल जन्मलं होतं. खरं कारण मात्र १९५९ मध्ये पॅरिसमध्ये कळलं. लेजून, गोतिए आणि त्युर्पँ यांनी दाखवलं, की या मुलांच्या पेशीत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं असतात, २१ वं दोनाऐवजी तीनदा, म्हणून ‘ट्रायसोमी २१’. मग १९६१ मध्ये आनुवंशशास्त्रातल्या नामवंतांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून जुनं नाव टाका म्हटलं. सह्या करणाऱ्यांत डाऊन यांचे नातू नॉर्मनही होते. १९६५ मध्ये मंगोलियाच्या प्रतिनिधींनी जागतिक आरोग्य संघटनेकडं तीच विनंती केली आणि संघटनेनं शब्द सोडला. आपल्या देशाचं नाव जगभर एका अक्षमतेसाठी वापरलं जातंय, हे त्यांनी किती वर्षं ऐकून घेतलं असेल!

आता नणंदबाई. त्यांचा हिशेब असा, की सुनेचा चेहरा तसा, म्हणून बाळ तसं. हा सरळसरळ १८६६ चा हिशेब आहे. डाऊन सिंड्रोम मिझोंत, मराठ्यांत, नॉर्वेत, सगळीकडं होतो. धोका वाढतो तो आईच्या वयानं. पंचविशीत साधारण १२५० बाळंतपणांत एक, पस्तिशीत ३५० त एक, चाळिशीत शंभरात एक. डोळ्यांच्या ठेवणीचा त्यात काही संबंध नाही.

आणि नणंदबाईंना हे ऐकायला आवडणार नाही, पण या घरात चौकशी करायचीच असेल तर ती तुमच्या माहेरच्या बाजूनं करावी लागेल. शंभरातल्या ९५ जणांत ते जादा गुणसूत्र सुटं असतं आणि ती त्या एका गर्भापुरती घटना असते. पण तीन-चार जणांत ते दुसऱ्या गुणसूत्राला, बरेचदा १४ व्याला, चिकटलेलं असतं. असं चिकटलेलं गुणसूत्र धडधाकट माणसाकडून पुढच्या पिढीत जाऊ शकतं. १९८४ चा कागद यातलं काहीच सांगत नाही, कारण तो फक्त चेहरा सांगतो.

म्हणून या आठवड्यातच भावाची कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रं मोजून बघायची तपासणी करून घ्या, आधी झाली नसेल तर. थोडं रक्त हेपॅरिनच्या नळीत घेतात. पेशी जिवंत लागतात, त्या तीन दिवस वाढवाव्या लागतात, त्यामुळं रिपोर्टला एक-दोन आठवडे तरी जातात. त्यात `47,XY,+21` असं आलं तर विषय मिटला, तुमची किंवा मुलाची तपासणी लागणार नाही. एकूण ४६ लिहून पुढं `rob` किंवा `der` ही अक्षरं असली तर जनुक सल्लागाराला भेटा, तुमचं आणि मग मुलाचं रक्त तपासतील. मुलाकडं तसं जोडगुणसूत्र निघालंच तरी पुरुषाकडून बाळाला डाऊन होण्याची शक्यता शंभरात एक किंवा त्याहून कमी असते. तुमच्या सुनेची नेहमीची सोनोग्राफी आणि डबल मार्कर ही रक्ततपासणी ११ ते १३ आठवड्यांत होतात, ती मुदत चुकवू नका. तिथं फॉर्मवर वांशिकतेचा रकाना असेल. सुनेला आधीच सांगून ठेवा, की रक्तातल्या त्या घटकांची सरासरी समाजागणिक थोडी वेगळी असते म्हणून तो विचारतात, चेहऱ्यावरून निदान करायला नाही.

तिला काय सांगू, म्हणालात. भाषण नको. त्या कागदाच्या वर एक नवा कागद लावा, ‘डाऊन सिंड्रोम, ट्रायसोमी २१’ लिहिलेला, रिपोर्टसकट, आणि तो लावायला तिलाच बसवा. यजमानांनी तिच्यासमोर एकदा ‘चुकलं’ म्हटलं तर उत्तम. नणंदबाईंना मात्र तुम्हीच सांगा, सुनेवर सोपवू नका.

अजून एक. बाळ झाल्यावर त्याच्या कमरेवर कदाचित निळसर डाग दिसेल, काळंनिळं मारल्यासारखा. डॉक्टर कदाचित ‘मंगोलियन स्पॉट’ म्हणतील. हेही नाव जुनंच, बेल्झ नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८८५ मध्ये जपानात दिलेलं. डाग निरुपद्रवी असतो, काही वर्षांत जातो, आणि आपल्याकडच्या बाळांत तो भरपूर दिसतो. तुमच्या मुलाला होता का, आठवून बघा. जुना अल्बम असेल तर तेलमालिशीचे फोटो काढा, आणि सुनेला दाखवा.