तीन, पाच की आठ गाड्या? तीन पद्धती, तीन वेगळी उत्तरं

प्रश्न: ताई, पार्सल पोचवायच्या कामासाठी व्हॅन घ्यायच्यात, कर्जावर. गाडी महिनाभर कामावर असली तर हप्ता, ड्रायव्हर, इंधन सगळं जाऊन ३० हजार सुटतात, उभी राहिली तर ४० हजार खिशातून जातात. काम कमी आलं तर ३ गाड्यांपुरतं, मध्यम आलं तर ५, जोरात आलं तर ८. जोरात येण्याची शक्यता मी ६० टक्के धरलीय, बाकीच्या दोन्हींची २०-२०. टेबल मांडलं तर मॅक्सिमिन म्हणतं ३ घे, मिनिमॅक्स रिग्रेट म्हणतं ५ आणि एक्स्पेक्टेड व्हॅल्यू म्हणतं ८. बाजूला ३ लाख आहेत, घरखर्च महिना ५० हजार. कुणाचं ऐकू?

उत्तर: नमस्कार. आधी तुमचं टेबल मी पुन्हा मांडलं, कारण बऱ्याचदा गोंधळ टेबलातच असतो, पण तुमचा हिशोब बरोबर आहे. आकडे महिन्याच्या नफ्याचे, हजारात.

| गाड्या | काम कमी | मध्यम | जोरात |
|---|---|---|---|
| ३ | ९० | ९० | ९० |
| ५ | १० | १५० | १५० |
| ८ | −११० | ३० | २४० |

आता तीन उत्तरं वेगळी आली म्हणजे कुठेतरी चुकलं असं नाही, तिन्ही पद्धती वेगवेगळा प्रश्न विचारतात. मॅक्सिमिन प्रत्येक ओळीतला सगळ्यात वाईट आकडा बघतं, म्हणजे ९०, १० आणि −११०, आणि त्यातल्या त्यात बरा तो उचलतं, म्हणून ३. जोरातच्या रकान्यात २४० असो की २४००, त्याला काही फरक पडत नाही, तिकडे ते बघतच नाही. आणि तुमच्या टेबलात नसलेली एक गोष्ट आहे, काम ८ गाड्यांचं आलं आणि तुमच्याकडे ३ च असल्या तर क्लायंट उरलेल्या कामाला दुसरा माणूस आणणार, आणि तो एकदा आत आला की तुमच्या तीनच्या कामावरही त्याचा डोळा असणार. म्हणून त्या ओळीतला शेवटचा ९० मला तितकासा पक्का वाटत नाही.

रिग्रेटची पद्धत अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ लिओनार्ड सॅव्हेज यांनी १९५१ मध्ये मांडली. प्रत्येक रकान्यातला सगळ्यात चांगला आकडा घ्यायचा आणि आपण त्याच्या किती खाली राहिलो ते काढायचं, थोडक्यात नंतर हळहळ किती होईल ते. काम जोरात आलं आणि गाड्या ३ असल्या तर हळहळ १५० ची. काम कमी आलं आणि गाड्या ८ असल्या तर २०० ची. ५ घेतल्या तर जास्तीत जास्त ९० ची, ती पण काम जोरात आल्यावर, म्हणजे पोट भरलेलं असताना. सगळ्यात मोठी हळहळ ज्या ओळीत सगळ्यात कमी तीच ही पद्धत उचलते, म्हणून ५. मी ४, ६ आणि ७ गाड्याही घालून बघितल्या, तरी ५ च येतात.

खरा विषय ८ चा आहे, म्हणजे एक्स्पेक्टेड व्हॅल्यूचा, जी प्रत्येक आकड्याला त्याच्या शक्यतेने गुणून सरासरी काढते. ८ चं सरासरी उत्पन्न तुमच्या टक्क्यांनी १२८ येतं आणि ५ चं १२२. म्हणजे ३ गाड्या जास्त घेऊन, तीन कर्जं जास्त डोक्यावर घेऊन, महिन्याला सरासरी ६ हजार जास्त, गाडीमागे २ हजार. हे दुसऱ्या बाजूने पण काढता येतं आणि मला ती बाजू जास्त आवडते, कारण त्यात पूर्ण टेबल लागत नाही, फक्त पुढच्या एका गाडीचा विचार करायचा. सहावी गाडी कामावर असली तर ३० देते, उभी राहिली तर ४० खाते, म्हणजे दोन्हींत ७० चा फरक, आणि तुमच्या हिशोबात तिला काम फक्त जोरातच्या परिस्थितीत मिळतं. म्हणजे ती परवडायला जोरातची शक्यता ४० भागिले ७०, म्हणजे साधारण ५७ टक्क्यांच्या वर हवी. तुम्ही ६० धरलीय. सगळा फरक त्या तीन टक्क्यांचा आहे. ६० च्या जागी ५० धरा आणि बाकीचे २५-२५, की ८ चं सरासरी १०० वर येतं आणि ५ चं ११५, उत्तर उलटं.

म्हणून मला आधी हे विचारायचंय की ६० आलं कुठून? बहुतेक क्लायंटच्या माणसाने बोलता बोलता "पुढच्या सीझनला काम दुप्पट होणार" असं सांगितलं असेल. तो खोटं बोलत असेल असं मी म्हणत नाही, त्याला स्वतःला खरंच तसं वाटत असेल, पण गाड्या उभ्या राहिल्या तर हप्ता तो भरणार नाहीये. त्याच्याकडे गेल्या १२ महिन्यांत दर आठवड्याला किती गाड्या लागल्या तो आकडा मागा. सरासरी नको, आठवड्यानुसार हवा, कारण सरासरी ६ येईल आणि आत बघितलं तर दहा आठवडे १० आणि बाकी वर्षभर ५, असं होतं. जितके आठवडे ८ किंवा जास्त गाड्या लागल्या तीच तुमची जोरातची शक्यता, त्याच्या बोलण्यातली नाही.

दुसरी गोष्ट एक्स्पेक्टेड व्हॅल्यूबद्दल. ती खरी ठरते जेव्हा तोच खेळ पुन्हा पुन्हा खेळता येतो, ज्याच्या चाळीस ठिकाणी गाड्या आहेत त्याचं एका ठिकाणचं नुकसान दुसरीकडे भरून निघतं. तुमचा क्लायंट एक आहे आणि खेळायला मिळणार एकदाच. ८ गाड्यांवर काम कमी आलं तर महिन्याला ११० जाणार आणि घरखर्चाचे ५० वेगळे, म्हणजे १६०, आणि तुमचे ३ लाख दोन महिनेसुद्धा पुरत नाहीत. बरं, मध्यम काम आलं तरी ८ मधून ३० च सुटतात, घर चालायला २० कमीच पडतात. म्हणजे तुमच्याच टक्क्यांनी, १०० पैकी ४० वेळा ८ गाड्यांवर घर चालत नाही. ५ वर हाच हिशोब केला तर काम कमी आल्यावर महिन्याला ४० बचतीतून जातात आणि ३ लाख साडेसात महिने पुरतात. तेवढ्या वेळात दुसरा क्लायंट शोधता येतो, एखादी गाडी शांतपणे विकता येते. घाईत विकलेल्या गाडीला बऱ्याचदा कर्जाची बाकी फिटेल एवढेही पैसे येत नाहीत.

उभी गाडी म्हणजे काय ते मी जवळून बघितलंय. माझ्याकडे एक गृहस्थ यायचे, त्यांच्या सातातल्या दोन गाड्यांना तीन महिने काम नव्हतं. बॅटऱ्या उतरल्या, टायर एका जागी दबून चपटे झाले, आणि ते रोज सकाळी जाऊन दोन्ही सुरू करायचे, दहा मिनिटं चालू ठेवायचे आणि बंद करून घरी यायचे. ड्रायव्हर सोडले तर परत मिळणार नाहीत म्हणून पगारही चालू होते. मला म्हणाले, हप्त्याचं एवढं वाटत नाही, चावी फिरवताना वाटतं. कागदावरचे ४० हजार असे दिसतात.

आता तुमच्या टेबलात एक ओळ राहिलीय. ५ गाड्या स्वतःच्या घ्या आणि त्यापुढची गरज अटॅच गाड्यांवर भागवा, म्हणजे ज्याच्याकडे गाडी आणि ड्रायव्हर दोन्ही आहे त्याला काम असेल त्या महिन्यापुरतं लावायचं. तुमच्या आकड्यांवरून कामावरची गाडी हप्ता-पगाराच्या आधी, इंधन वगैरे वजा जाता ७० मिळवते. अटॅच गाडीला त्यातले ६० द्यावे लागले असं धरू, तुमच्याकडे १० उरले. स्वतःच्या गाडीपेक्षा २० कमी, पण काम नसताना शून्य खर्च. ही ओळ अशी येते: कमी १०, मध्यम १५०, जोरात १८०. सरासरी १४०, म्हणजे ८ च्या १२८ पेक्षा जास्त, आणि सगळ्यात मोठी हळहळ ८०, म्हणजे नुसत्या ५ पेक्षाही कमी. मॅक्सिमिन अजूनही ३ च म्हणेल, म्हणू दे, पण बाकी दोन्ही पद्धती एकाच ओळीवर येतात, आणि आधी त्या भांडत होत्या कारण ही ओळ टेबलात नव्हतीच. टेबल फक्त तुम्ही लिहिलेल्या पर्यायांतून निवडतं, न लिहिलेला पर्याय ते सुचवत नाही.

ह्यात फसायची जागा एकच आहे. काम जोरात येतं तेव्हा ते सगळ्यांकडेच येतं, आणि नेमक्या त्याच महिन्यात अटॅच गाड्या मिळत नाहीत किंवा ७० च्या वर मागतात. ७० ला गेली की तुमच्याकडे काही उरत नाही, तुम्ही परत साध्या ५ वर. म्हणून दर आधी ठरवून ठेवा, तीन गाडीमालकांशी, लेखी, आणि त्यासाठी गाडीमागे महिन्याला २ हजार नुसते बोलून ठेवायचे द्यावे लागले तरी द्या. ते सहा हजार दर महिन्याला जाऊनही सरासरी १३४ राहते. एक महिना त्यांना खरोखर बोलावून बघा, कितीजण येतात. तीनपैकी एकच आला तर माझी ही ओळ चुकीची आहे असं समजा आणि साध्या ५ चा हिशोब धरा.

तर माझं मत, आत्ता ५ घ्या. सहावीचा विचार सहा महिन्यांनी, आठवड्यांचे खरे आकडे हातात आल्यावर, आणि तेव्हाही ५७ टक्क्यांची तीच चाचणी लावून.

८ च घ्यायच्या मनात असेल तर क्लायंटकडून एक कागद आणा, किमान बिलाची हमी. उभ्या राहिलेल्या गाडीमागे तो महिन्याला ४० द्यायला तयार झाला तर ८ ची ओळ ९०, १५०, २४० होते, एकाही रकान्यात कुणाच्या खाली नाही, मग मॅक्सिमिनला ३ आणि ८ सारखेच, बाकी दोन्ही पद्धती ८ च म्हणतील आणि मीही. निम्मे, म्हणजे २० कबूल केले तरी उभ्या गाडीचं नुकसान २० वर येतं आणि ५७ ची अट ४० टक्क्यांवर उतरते, मग तुमच्या ६० ला श्वास घ्यायला जागा मिळते. तो कागद देताना तो किती आढेवेढे घेतो ते नीट बघा, ६० टक्क्यांवर त्याचा स्वतःचा किती विश्वास आहे ते तिथेच कळेल, आणि कागद हातात आला की मला परत लिहा, हमी किती महिन्यांची आणि कर्ज किती महिन्यांचं हे दोन आकडे सोबत पाठवा.