प्रश्नोत्तरे : धान्य सफाई यंत्राचा वारा आणि चाळणीचा उतार

सोयाबीनची मळणी सुरू झाली की शेतकरी गटांकडून तेच ते प्रश्न यायला लागतात. बहुतेकांनी यंत्र घेतलेलं असतं, पण ते लावायचं कसं हे सांगायला कोणी थांबलेलं नसतं. म्हणून काही प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र देत आहे.

प्रश्न : पावसात भिजलेलं सोयाबीन लगेच यंत्रातून काढलं तर चालेल का? (कागल)

नाही. ओलं भुसकट दाण्याला चिकटतं आणि चाळणीची भोकं बुजतात. फार काडीकचरा असेल तर मोठ्या भोकाच्या चाळणीवरून एकदा काढून घ्या, मग वाळवा. ओलावा 12 टक्क्यांच्या आसपास आला की शेवटची सफाई करा. ओलावा दाताने चावून ठरवू नका, मीटरवर मोजून घ्या.

प्रश्न : हरभऱ्याएवढे मातीचे खडे काही केल्या निघत नाहीत. कोणती चाळणी लावू? (शिरोळ)

कोणतीच नाही. दाण्याच्या मापाचा खडा चाळणीला ओळखू येत नाही आणि तो जड असल्यामुळे वाऱ्यानेही उडत नाही. त्यासाठी खडे काढणीचं वेगळं यंत्र लागतं. त्याआधी मळणी मातीवर न करता ताडपत्रीवर करा, निम्मा त्रास तिथेच संपेल.

प्रश्न : आमच्या गटाचं यंत्र पंखा आणि दोन चाळण्यांचं आहे. उतार वाढवला की माल जास्त निघतो असं मेकॅनिकने सांगितलं, म्हणून वाढवला. आता वरच्या चाळणीच्या कचऱ्यात चांगलं सोयाबीन जातंय. स्वच्छ मालात भुसकट राहतं म्हणून पंखा पूर्ण उघडला, तर दाणेही उडायला लागले. एक मिनिट पोती लावून मोजलं : स्वच्छ माल 15 किलो, वरच्या चाळणीचा कचरा 1.2 किलो, त्यात 700 ग्रॅम चांगले दाणे. (हातकणंगले)

मोजून लिहिलंत हे फार चांगलं केलंत. 700 ग्रॅम म्हणजे तुमच्या चांगल्या मालातले जवळपास साडेचार टक्के. दर 100 क्विंटलमागे साडेचार क्विंटल सोयाबीन तुम्ही कचऱ्यात टाकताय. वरून ते ढीगभर भुसकटात दिसत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

उतार वाढवून माल जास्त निघतो ही ऐकीव गोष्ट आहे. सोयाबीनचा दाणा गोल असतो, उतार जास्त झाला की भोकात पडायच्या आधीच तो घरंगळत पुढे जातो. तुम्ही पाठवलेल्या मापाप्रमाणे दीड मीटर चाळणीला 26 सेंमी उतार आहे, म्हणजे सुमारे 10 अंश. तो 16 सेंमीपर्यंत, म्हणजे 6 अंशांच्या आसपास आणून बघा. पण एकदम नको. टांगणीचे बोल्ट दोन-तीन सेंमीने सोडा, दोन्ही बाजूंना सारखे, आणि दर वेळी मिनिटभर पोतं लावून मोजा.

योग्य उतार डोळ्यांनी ओळखता येतो. वरच्या चाळणीच्या चौकटीवर दोन-तृतीयांश अंतरावर खडूची रेघ मारा. रेघेपर्यंत जवळजवळ सगळं सोयाबीन खाली गेलेलं असावं, रेघेपुढे फक्त काड्या आणि शेंगांची टरफलं सरकताना दिसावीत. रेघेपुढे दाणे घरंगळताना दिसले तर उतार जास्त आहे किंवा माल जास्त सुटतोय. उलट कचरा जागेवरच नाचत साचायला लागला तर उतार कमी पडलाय. खालच्या चाळणीवर दाण्यांचा थर एक-दोन दाण्यांइतकाच असावा. त्याहून जाड थरात वरची डाळ आणि माती भोकापर्यंत पोचतच नाही.

आता पंख्याचं. जवळजवळ प्रत्येक गट इथे चुकतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. भुसकट सेकंदाला दोन-चार मीटरच्या वाऱ्यातच उडतं. सोयाबीनचा भरीव दाणा उडायला दहा मीटरहून जास्त वेग लागतो. दोघांत एवढं अंतर असताना एकाच वेळी दाणे उडतात आणि भुसकटही राहतं, याचा अर्थ वारा कमी नाही, तो सारखा लागत नाही. तुमच्या हॉपरमधून माल मधोमध जाड पडत असणार. वारा जाड थरातून जात नाही, मोकळ्या कडांनी जोरात निसटतो. कडेचे दाणे उडतात, मधलं भुसकट तसंच खाली येतं. अशा वेळी पंखा आणखी उघडला तर नुकसान वाढतं, सफाई होत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी पाणसळ लावून यंत्र आडवं सपाट करा. मग हॉपरची झडप इतकी खाली घ्या की माल पूर्ण रुंदीत पातळ पडद्यासारखा पडेल. त्यानंतर उतार लावा. वारा सगळ्यात शेवटी. पंख्याची झडप अर्धी बंद करून सुरुवात करा आणि बोटभर-बोटभर उघडत जा. भुसकटाच्या तोंडाशी हात धरा. त्यात पोचट, चपटे दाणे यायला लागले की ठीक आहे. पहिला भरीव दाणा आला की झडप थोडी मागे घ्या आणि तिथे रंगाने खूण करा.

यात तासाचा माल आधी कमी निघेल, ते सोसा. एवढं करूनही कचऱ्यात दाणे येत राहिले तर वरच्या चाळणीचं भोक तुमच्या वाणाला लहान पडतंय. ती बदलण्याआधी मूठभर दाणे घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. चाळणी अंदाजाने विकत आणू नका.

प्रश्न : यंत्र नव्या शेडमध्ये हलवल्यापासून वारा एकदम कमी झालाय. पंख्याला मोठा वेग मिळेल अशी पुली बसवू का? (गडहिंग्लज)

थांबा. थ्री-फेज जोडणी नवीन झाली असेल तर मोटर उलटी फिरत असण्याची शक्यता मोठी आहे. बंदिस्त ब्लोअर उलटा फिरला तरी वारा त्याच तोंडातून येतो, फक्त फार कमी येतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. पंख्याच्या कवचावरचा बाण आणि फिरण्याची दिशा जुळते का बघा. जुळत नसेल तर परवानाधारक वायरमनकडून दोन फेज बदलून घ्या, स्वतः हात घालू नका.

पुलीचं म्हणाल तर पंख्याचा वेग 10 टक्के वाढवला की मोटरवरचा भार सुमारे 33 टक्के वाढतो. उद्यमनगरात पुली करून मिळेल, पण जळलेली मोटर तुमच्याच पदरात पडेल. बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय ते करू नका.

प्रश्न : सोयाबीननंतर त्याच सेटिंगवर घनसाळ भात काढला तर? (आजरा)

भात भुसकटाबरोबर उडून जाईल. भाताला बराच कमी वारा लागतो आणि चाळणीही लांबट भोकांची, वेगळी लागते. उतार मात्र सोयाबीनपेक्षा थोडा जास्त ठेवा, कारण भाताची साल खरखरीत असते, दाणा घरंगळत नाही. बियाण्यासाठी काढत असाल तर आधी यंत्र रिकामं चालवून कोपऱ्यातला जुना माल ब्रशने काढा.

प्रश्न : विक्रेता तासाला 2 टन काढतो म्हणतोय. आगाऊ रक्कम द्यावी का? (करवीर)

कोणत्या धान्याचे 2 टन ते आधी विचारा. हा आकडा बऱ्याचदा स्वच्छ, कोरड्या गव्हाचा असतो, तुमच्या काडीकचऱ्याच्या सोयाबीनचा नसतो. तुमचीच दोन पोती नेऊन समोर काढून दाखवायला सांगा आणि क्षमता पिकाच्या नावासह कोटेशनवर लिहून घ्या. त्याला तो तयार नसेल तर पैसे देऊ नका. अनुदानातून घेणार असाल तर पूर्वसंमतीपत्र हातात येण्याआधी खरेदी करू नका. यंदाचे नियम तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे विचारून घ्या.

प्रश्न : पट्ट्यावरची जाळी काढून ठेवली तर चालेल का? सारखा पट्टा घसरतो. (पन्हाळा)

नाही. जाळी आजच बसवा. पट्टा घसरतोय तो ताण कमी असल्यामुळे किंवा दोन्ही पुल्या एका रेषेत नसल्यामुळे, आणि तो यंत्र पूर्ण बंद करून, मेन स्विच काढून मगच नीट करायचा. यंत्रावर काम करणाऱ्या बायकांचा पदर आणि सगळ्यांचे गमछे खोचलेले असू द्या, तोंडाला मास्क असू द्या.