डिव्हिडंड नसलेल्या शेअरचा कॉल मुदतीआधी एक्सरसाइज का करू नये

प्रश्न: माझ्याकडे बर्कशायर हॅथवे बी शेअरचा ४०० डॉलर स्ट्राइकचा कॉल आहे, म्हणजे तो शेअर ४०० ला विकत घेण्याचा हक्क, एक्सपायरीला सहा महिने आहेत. शेअर आता ५०० ला आहे. अमेरिकन ऑप्शन आहे, म्हणजे आजही एक्सरसाइज करता येतो. तरी सगळे म्हणतात की मुदतीआधी कधीच करू नका. उद्या भाव पडला तर हातातला १०० डॉलरचा नफा जाणार नाही का?

उत्तर: भाव पडायची भीती वाटत असेल तर कॉल विका. एक्सरसाइज केल्याने नफा पदरात पडत नाही. ४०० डॉलर मोजून तुम्ही शेअर घेता आणि तोच शेअर उद्या पडू शकतो. नफा खरोखर पदरात पाडायचा तर एक्सरसाइज करून शेअर लगेच विकावा लागेल, आणि मग प्रश्न एवढाच उरतो की त्यातून मिळणारे १०० जास्त, की कॉल विकून मिळणारे पैसे जास्त. बहुतेक जण एक्सरसाइजची तुलना कॉल नुसता धरून ठेवण्याशी करतात आणि तिथेच फसतात.

तुमच्याच आकड्यांवर बघू. व्याजदर वार्षिक ४% धरतो, म्हणजे सहा महिन्यांचे २%. समजा स्क्रीनवर या कॉलची बिड, म्हणजे घेणारा देऊ करतोय तो भाव, ११०.६० दिसते आहे. बिडमध्ये स्ट्राइक मिळवा: ५१०.६०. शेअर ५०० ला आहे. हा वरचा १०.६० चा फरक एक्सरसाइज करणारा सोडून देतो. एका कॉन्ट्रॅक्टमध्ये १०० शेअर असतात, म्हणजे १,०६० डॉलर गेले. एक्सरसाइजची सूचना देण्याआधी ही बेरीज करून बघाच, कारण सूचना एकदा क्लिअरिंगला गेली की परत फिरवता येत नाही.

आता हे १०.६० आले कुठून? यातला मोठा भाग सरळ व्याजाचा आहे. ४०० डॉलर तुम्हाला आज द्यायचे नाहीत, सहा महिन्यांनी द्यायचे आहेत. आज ३९२.१६ डॉलर ट्रेझरी बिलात ठेवले तर तेव्हा त्यांचे ४०० होतात. म्हणून हा कॉल किमान ५०० वजा ३९२.१६, म्हणजे १०७.८४ चा असलाच पाहिजे. सूत्रात असं:

C ≥ S − K/(1+rT)

C कॉलची किंमत, S शेअरचा भाव, K स्ट्राइक, r व्याजदर, T उरलेली वर्षं. व्याजदर शून्याहून जास्त आणि मुदत शिल्लक असेल तर उजवी बाजू S − K पेक्षा नेहमीच मोठी. आणि एक्सरसाइज करून मिळतात फक्त S − K.

ही किमान किंमत कुणी पाळायलाच हवी असं कशावरून? समजा कॉल १०१ ला मिळतोय. मी तो घेईन, एक शेअर उधार घेऊन ५०० ला विकेन (शॉर्ट), आणि ३९२.१६ ट्रेझरी बिलात टाकेन. हातात ६.८४ आजच उरले. सहा महिन्यांनी बिलाचे ४०० येतील. शेअर ६०० ला असला तर कॉल वापरून ४०० ला घेईन आणि उधारी फेडेन. शेअर ३२० ला असला तर कॉल सोडून देईन, बाजारातून ३२० ला घेऊन फेडेन, वर ८० शिल्लक. कुठल्याच भावाला खिशातून काही जात नाही. असा सौदा दिसला की मोठे खेळाडू तुटून पडतात आणि कॉल वर चढतो. शेअरचा पुढचा भाव काय असेल याबद्दल या युक्तिवादात एकही गृहीतक नाही, आणि मला त्याची खरी ताकद तिथेच वाटते. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९७३ मध्ये हे नीट मांडलं.

१०७.८४ च्या वरचे जे पावणेतीन डॉलर उरतात, ते विम्याचे. शेअर ४०० च्या खाली गेला तर कॉलवाल्याचं त्यापुढचं नुकसान थांबतं, शेअरवाल्याचं चालूच राहतं. एक्सरसाइज केलं की व्याजही गेलं आणि हा विमाही गेला. बदल्यात शेअर मिळतो, पण तो शेअर या सहा महिन्यांत काहीच देत नाही. बफे यांनी कंपनी हाती घेतल्यापासून बर्कशायरने डिव्हिडंड एकदाच दिला, १९६७ साली, शेअरमागे १० सेंट.

"मला शेअर कायमचाच ठेवायचा आहे" असं म्हणत असाल तरी उत्तर बदलत नाही. तुमचे ४०० डॉलर बिलात ठेवा आणि कॉल धरून बसा. सहा महिन्यांनी ४०८ होतील. शेअर ५५० ला असेल तर ४०० देऊन घ्या, तुमच्याकडे शेअर आणि वर ८ डॉलर. शेअर ३२० ला आला असेल तर बाजारातून घ्या, शेअर आणि वर ८८ डॉलर. आज एक्सरसाइज केलेल्याकडे दोन्ही वेळा नुसता शेअर. हाच हिशेब उद्या, परवा, एक्सपायरीच्या आदल्या दिवशीही लागू आहे, फक्त आकडे लहान होत जातात. त्यामुळे अशा शेअरवर अमेरिकन कॉल आणि फक्त एक्सपायरीलाच वापरता येणारा युरोपियन कॉल यांची किंमत एकच निघते.

हे कुठे लागू नाही तेही सांगतो. डिव्हिडंड असेल तर एक्स-डेटच्या, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही त्याच्या, आदल्या दिवशी एक्सरसाइज फायद्याचा ठरू शकतो. पुटचं, म्हणजे शेअर ठरल्या भावाला विकण्याच्या हक्काचं, गणित उलटं आहे. तिथे स्ट्राइकचे पैसे तुम्हाला मिळतात, व्याज तुमच्या बाजूने धावतं, म्हणून पुट लवकर एक्सरसाइज करणं डिव्हिडंड नसतानाही योग्य असू शकतं. व्याजदर शून्य असेल तर पहिला भाग उरत नाही, विमा मात्र उरतो.

प्रत्यक्षात जास्त त्रास बिडचा होतो. खूप खोल इन-द-मनी, म्हणजे शेअरच्या भावापेक्षा स्ट्राइक बराच खाली असलेल्या, कॉलला गिऱ्हाईक कमी असतं, आणि बिड कधी कधी ९९.५० अशी, म्हणजे एक्सरसाइजच्या १०० पेक्षाही खाली दिसते. त्या भावाला विकू नका. बिड आणि विकणारा मागतो तो भाव, म्हणजे आस्क, यांच्या मधोमध लिमिट ऑर्डर लावा, बहुतेकदा १०० च्या वर कुणीतरी उचलतं. नाहीच उचललं तर, शॉर्ट करायची परवानगी असेल तर, शेअर शॉर्ट करून कॉल हातात ठेवा. १०० पक्के होतात, आणि शेअर ४०० च्या खाली गेला तर तो जास्तीचा फायदाही तुमचाच. शॉर्ट जमत नसेल, मुदत थोडीच उरली असेल आणि बिड खरंच तिथेच अडकली असेल, तर मात्र एक्सरसाइज करून शेअर विकणं चुकीचं नाही. शेअर उधार मिळणं महाग असेल तेव्हाही तसंच. उधारीचं भाडं डिव्हिडंडसारखंच वागतं आणि कॉलची किमान किंमत खाली ओढतं. बर्कशायरला ती अडचण सहसा येत नाही.

आणि तुमचा कॉल बाजारातला नसून नोकरीत मिळालेला स्टॉक ऑप्शन असेल, तर वरचा युक्तिवाद जसाच्या तसा लावू नका. तो विकता येत नाही, कंपनी बहुधा स्वतःचा शेअर शॉर्ट करू देत नाही, आणि नोकरी सोडली की मुदत आखडते. विकण्याची वाटच बंद असल्यामुळे तिथे लवकर एक्सरसाइज करण्याची खरी कारणं असू शकतात, आणि कराचा हिशेबही वेगळा मांडावा लागतो.