पोटात अन्न नसलं तरी रात्रीचं इन्सुलिन

प्रश्न: बाबांना बारा वर्षांपासून शुगर आहे. कालपासून जुलाब-उलट्या चालू आहेत, काहीच खात नाहीत. गोळ्या आणि इन्सुलिन बंद ठेवायचं का? ओआरएस दिला तर शुगर वाढेल का?

रात्रीचं चोवीस तासांचं इन्सुलिन असेल तर ते बंद करू नका. गोळ्यांमधल्या काही मात्र आजच थांबवा. आमच्या घरात नेमकं उलटं झालं होतं, म्हणून एवढं लिहायला बसले आहे.

आम्ही तासगावचे. जत्रेच्या जेवणानंतर सासूबाईंना रात्रीतून जुलाब-उलट्या सुरू झाल्या. मी तेव्हा माहेरी कराडला होते. सासूबाईंना, म्हणजे आईंना, रात्री ग्लार्जिन या चोवीस तासांच्या इन्सुलिनचे वीस युनिट, सकाळी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची एकत्र गोळी आणि वर्षभरापासून डापाग्लिफ्लोझिन. मोठ्या दिरांनी, म्हणजे दादांनी, सगळं आपल्या हातात घेतलं. "पोटात अन्नाचा कण न्हाई, आन् इन्सुलिन कशाला टोचायचं?" म्हणून रात्रीचं इंजेक्शन चुकवलं. एकत्र गोळीही बंद केली. डापा मात्र चालू ठेवली, कारण ती किडनीसाठी चांगली असते असं त्यांनी ऐकलेलं.

मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचले तर आई पडून होत्या आणि पडल्यापडल्या धाप लागल्यासारखा खोल, भराभर श्वास घेत होत्या. पोट दुखत होतं, जीभ कोरडी पडलेली, बोलताना डोळे मिटत होते. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता मिरजेला न्यायचं. दादांनी ग्लुकोमीटर पुढं केला. "अगं, दोनशे अठरा हाय. जुलाबात एवढी असतीया. आन् लघवीबी हुतीया की. कशाला पळवायची म्हातारीला?" मी ऐकलं नाही, शेजारच्यांची गाडी काढली.

मिरजेत रक्तातले कीटोन तपासले तर खूप वाढलेले. रक्त आम्ल झालेलं. आईंना आयसीयूत ठेवलं.

यात दोन गोष्टी दादांना फसवत होत्या. अन्न नसलं की शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून कीटोन तयार होतात. त्याला लगाम इन्सुलिनचा. तेच काढून घेतलं की कीटोन साठत जातात. शिवाय आजारपणात शरीर ताणाची हार्मोन्स सोडतं आणि उपाशी पोटीही यकृत रक्तात साखर ओततं. म्हणून "खाल्लं नाही तर इन्सुलिन नको" हा हिशोबच चुकीचा आहे. एरवी अशा वेळी मीटर चारशे-पाचशे दाखवतो आणि माणसं घाबरून दवाखाना गाठतात. पण डापा आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे आत आम्ल साठत असताना मीटर दोनशेच्या आसपास शांत दिसतो. ही साखर सोबत पाणीही ओढून नेते. म्हणून माणूस आतून सुकत असतानाही लघवी होत राहते. दादा ज्या दोन खुणांवर निर्धास्त होते, त्या दोन्ही त्या गोळीनं खोट्या पाडल्या होत्या.

दवाखान्यात इन्सुलिनच्या ड्रिपसोबत ग्लुकोजची बाटलीही लावली. त्यावरही दादांनी वाद घातला, शुगरवाल्या बाईला साखर का चढवता म्हणून. डॉक्टरांनी समजावलं की कीटोन थांबवायला इन्सुलिन द्यायचंच आहे, आणि ते देता यावं म्हणून साखर वर धरून ठेवायची आहे.

तुमच्या बाबांचं बघा. डापा किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर आज देऊ नका. मेटफॉर्मिनही नको, कारण पाणी कमी पडून किडनी मंदावली की ती साठते आणि लॅक्टिक आम्ल वाढू शकतं. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड जेवण नसताना साखर धोकादायक खाली नेऊ शकतात, त्या जेवत नाहीत तोवर नकोत. एकत्र गोळी असेल तर पाकिटावर मागच्या बाजूला आतली नावं वाचा. जेवणाआधीचं झटपट इन्सुलिन जेवण नसेल तर नेहमीसारखं द्यायचं नाही. रात्रीचं लांब पल्ल्याचं चालू ठेवायचं. साखर शंभरच्या खाली येत असेल तर तेही थोडं कमी करावं लागतं, पण किती ते डॉक्टरांना फोन करून ठरवा. तीस-सत्तरचं मिक्स इन्सुलिन असेल तर त्यात दोन्ही मिसळलेली असतात. पूर्ण डोस देणं आणि पूर्ण चुकवणं, दोन्ही धोक्याचं. तिथं फोन हवाच.

ओआरएसबद्दल. पाकिटावर दिलेलं प्रमाण पाळून बनवलेल्या एक लिटर ओआरएसमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं. म्हणजे दोनशे मिलीच्या पेल्यात तीन ग्रॅमही नाही. ते ग्लुकोज मीठ-पाणी आतड्यातून आत ओढायला लागतं. त्यामुळे जरूर द्या. दुकानातली फळांच्या चवीची गोड पेयं त्यात येत नाहीत. एकदम पेला रिचवू देऊ नका, उलटी होईल. दर पाच मिनिटांनी एक-दोन मोठे चमचे द्या, उलटी झालीच तर दहा मिनिटं थांबून परत सुरू करा. तासाला पेलाभर पोटात राहिलं तरी चाललं. साखर अडीचशेच्या वर असेल तर मधूनमधून साधं पाणी, मीठ घातलेलं पातळ ताक. खाली येत असेल तर तांदळाची पेज किंवा ज्वारीच्या कण्या, कारण इन्सुलिन चालू असताना पोटात थोडं पिष्टही जायला हवं.

साखर दर तीन-चार तासांनी बघा, रात्रीसुद्धा. बोट आधी साबणानं धुवा. ओआरएस लागलेल्या चिकट बोटानं खोटा मोठा आकडा येतो. सत्तरच्या खाली गेली आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी परत बघा.

चार-सहा तास काहीच पोटात टिकत नसेल, आकडा दोनदा तीनशेच्या वर आला, सत्तरच्या खालून वर येत नसेल, गुंगी आली किंवा श्वास खोल-भराभर झाला तर थांबू नका. डापा-एम्पा घेत असतील तर आकडा कितीही असो, मळमळ, पोटदुखी, धाप दिसली की जा आणि दारातच सांगा की ही गोळी चालू आहे, कीटोन बघा.

हे राहून गेलं: बाबांना किडनीचा किंवा हृदयाचा विकार असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारा आणि शहाळं परस्पर देऊ नका, त्यात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टनसारखी बीपीची किंवा लघवी वाढवणारी गोळी असेल तर ती थांबवायची का तेही आजच विचारा. अंग दुखतंय म्हणून वेदनाशामक नको. आणि टाइप वन असेल तर यातलं काही घरी अजमावू नका, कीटोन तपासून घ्या.

नीट खाणं-पिणं सुरू होऊन दिवस-दोन दिवस झाले की मेटफॉर्मिन परत सुरू करतात. आईंची डापा डॉक्टरांनी कायमची बंद केली. दादा अजून म्हणतात, चांगली गोळी सोडायला लावली. म्हणून आता मी डॉक्टरांकडून मराठीत लिहून घेतलंय की जुलाब-उलटीत कुठलं औषध थांबवायचं आणि कुठलं नाही. तो कागद इन्सुलिनच्या डब्यावरच चिकटवलाय. तुम्हीही बाबांच्या पुढच्या तपासणीला तेवढं लिहून घ्या.