टेलिप्रॉम्प्टरवर आमच्या साहेबांचं भाषण वाचून दाखवल्यासारखं वाटतं, बोलल्यासारखं वाटावं म्हणून स्क्रिप्ट कशी लिहायची?

मी नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत हेच काम करतो. माझं सांगणं एकच, लिहायच्या आधी साहेबांना बोलतं करा. वीस मिनिटं केबिनमध्ये बसा, त्यांना विचारून मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा आणि म्हणा, यंदा काय काय झालं ते मला सांगा. मग ते जसंच्या तसं उतरवून काढा, स्क्रिप्ट त्यातूनच निघते.

वर्धापनदिनाला मी आधी असं लिहिलं होतं: "गत आर्थिक वर्षात प्रतिकूल परिस्थितीवर मात करीत, सर्व कर्मचाऱ्यांच्या अथक परिश्रमांच्या जोरावर आपण १२,४०,००,००० रुपयांची निर्यात साध्य केली." तालमीत साहेब आकड्यापाशी शून्यं मोजत अडकले आणि त्याच्या आधीचा सगळा आवाज सपाट. कारण मराठीत क्रियापद येतं शेवटी, आणि प्रॉम्प्टरवर एका वेळी चार-पाच ओळीच दिसतात, म्हणजे वाक्य कुठे चाललंय हे वाचणाऱ्यालाच कळत नाही, मग तो जोर कुठे देणार? रेकॉर्डिंगमध्ये मात्र हीच गोष्ट त्यांनी सरळ सांगितली होती, तीच घेतली:

मार्चमध्ये ऑर्डर होती.
पण कच्चा माल नव्हता.
माल आला शनिवारी रात्री.

तुम्ही रविवारी कामावर आलात.
म्हणून आपला
बारा कोटी चाळीस लाखांचा माल
परदेशी गेला.

एका वाक्यात एकच क्रियापद, आणि ओळ तोडायची ती श्वास जिथे घेतो तिथे. आकडा अक्षरात लिहायचा आणि तो किंवा कुणाचं नाव दोन ओळींत फोडायचं नाही. ओळीत चार-पाचच शब्द ठेवा, ओळ रुंद झाली की डोळे डावीकडून उजवीकडे फिरताना कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतात. थांबायचं असेल तिथे रिकामी ओळ सोडा, कंसात "विराम" लिहू नका, एकदा तो शब्द भर कार्यक्रमात वाचला गेला आणि मला फार वाईट वाटलं कारण चूक माझी होती.

लांबीचा अंदाज पण रेकॉर्डिंगवरूनच काढा. आमचे साहेब मिनिटाला साधारण ११० शब्द बोलतात, म्हणून पाच मिनिटांना मी ५०० च्या वर जात नाही, टाळ्या आणि थांबे धरून. स्क्रोल चालवायला माणूस बसवा, आणि त्याने साहेबांच्या मागे जायचं, साहेबांनी स्क्रोलच्या मागे धावायचं नाही. ऑटो स्क्रोलवर सोडलं तर चांगलं लिहिलेलंसुद्धा घाईघाईत वाचलं जातं.

मग उभं राहून दोन तालमी, खऱ्या प्रॉम्प्टरवर, कागदावर नाही. एकाच शब्दाला दोन्ही वेळा अडखळले तर साहेबांना परत म्हणायला लावू नका, शब्दच बदला. आमच्याकडे "कार्यक्षमता" दोनदा अडकलं, तिथे "कमी वेळात जास्त काम" टाकलं आणि गाडी सुरळीत पुढे गेली.